कष्ट जास्त, म्हणून गुण जास्त?

*आमचं सोलापुरात शाळेच्या गणवेशाचं शिलाई युनिट आहे. बावीस मशिनी, तीसेक माणसं. दिवाळी झाली की जूनची तयारी सुरू होते. यंदा करायच्या सुधारणांची यादी केली तर चौदा कामं निघाली. पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने एक्सेल शीट करून दिली. प्रत्येक कामाला परिणाम, खात्री आणि कष्ट यांचे एक ते दहा गुण द्यायचे आणि वर येईल ते काम आधी करायचं. मी, आमचे हे आणि भाऊजी असे तिघं बसलो. पहिली आली वेबसाईट, जी भाऊजींना आधीपासूनच करायची होती. कटिंगमध्ये कापड वाया जातं ते कमी करावं असं माझं म्हणणं होतं, ते खाली गेलं. आम्ही गुण चुकीचे देतोय, की ही पद्धत आमच्यासारख्यांसाठी नाहीच? शीट सोबत जोडली आहे.*

*– एक वाचक, सोलापूर*

ताई, शीट पाठवलीत हे बरं केलंत. नुसतं पत्र असतं तर मी भाऊजींना दोष दिला असता. शीट उघडली तेव्हा दिसलं की दोष सूत्राचा आहे. शेवटच्या रकान्यात भाच्याने हे लिहिलंय:

```
=B2*C2*D2
```

B म्हणजे परिणाम, C खात्री, D कष्ट. तिघांचा गुणाकार. म्हणजे काम जितकं अवघड, तितके त्याचे गुण जास्त! वेबसाईटला परिणाम ९, खात्री ८, कष्ट ९, म्हणून ६४८. कटिंगला ५, ७ आणि ४, म्हणून १४०. काज-बटणाच्या मशीनला कष्ट फक्त २ दिलेत, तर ती बिचारी १०८ वर, मी खाली बघतोय त्या चार कामांत शेवटी.

हे कसं झालं असेल याचा अंदाज करता येतो. सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये अशा दोन पद्धती चालतात. शॉन एलिस यांच्या नावाने ओळखली जाणारी 'आइस' पद्धत आहे, तिचा तिसरा रकाना सोपेपणाचा असतो आणि सोप्या कामाला जास्त गुण मिळतात. दुसरी इंटरकॉम या कंपनीतून पुढे आलेली 'राइस'. तिच्यात कष्ट मोजतात, पण कष्टाने भागतात. भाच्याने बहुधा रकाना दुसरीतून घेतला आणि गुणाकार पहिलीतून. मूल हुशार आहे, फक्त घाईत आहे. सूत्र असं करा:

```
=B2*C2/D2
```

तुमचेच गुण तसेच ठेवून एवढा एक बदल केला की काज-बटण मशीन २७ वर जाते, साइज सेटचं काम (परत येणारे, ऑल्टरला जाणारे पीस कमी करण्यासाठीचं) १४ वर, कटिंग ८.७५ वर आणि वेबसाईट ८ वर. यादी पार उलटी झाली. कोणाच्याही शीटमध्ये हा घोळ आहे का ते एका मिनिटात तपासता येतं. कुठल्याही एका कामाचे कष्ट वाढवून बघा. त्याचे एकूण गुण वाढले तर सूत्र उलटं आहे.

पण इथे थांबू नका, कारण कटिंग आणि वेबसाईट अजून जवळजवळ बरोबरीला आहेत आणि ही बरोबरी खोटी आहे. वेबसाईटच्या कष्टाला तुम्ही ९ दिलेत आणि कटिंगच्या कष्टाला ४. म्हणजे वेबसाईटचं काम सव्वादोन पट. तुमच्या शेऱ्यात मात्र भाऊजींनी स्वतःच लिहिलंय की वेबसाईटला, म्हणजे फोटो काढणं, प्रत्येक शाळेचे साइज आणि रेट भरणं, पैसे घेण्याची सोय, कुरिअर ठरवणं, या सगळ्याला चाळीस दिवस जातील. कटिंगला तुमच्या हिशोबाने पाच. चाळीस आणि पाच यांत आठपट अंतर आहे. एक ते दहाच्या पट्टीवर माणूस हे अंतर लिहीतच नाही. मोठ्याला नऊ देतो, लहानाला चार देतो, आणि वर त्याच आकड्यांनी भागाकार करतो. परिणामाचंही तसंच. चौदा कामांत एकालाही ३ च्या खाली गुण नाहीत, बहुतेक सगळी ५ ते ९ मध्ये दाटीने बसलीत. अशा गर्दीत क्रम कोण ठरवणार? ज्याचा आवाज मोठा तो.

तुमचा धंदा मीटर, नग आणि रुपयांत चालतो. मग गुण कशाला? परिणाम रुपयांत लिहा, पण एकाच मुदतीतले: येत्या जूनअखेरपर्यंत या कामामुळे किती रुपये वाचतील किंवा जास्तीचे सुटतील. कष्ट दिवसांत लिहा, म्हणजे घरच्या किंवा युनिटमधल्या माणसांचे किती दिवस त्यात जातील. दोन माणसं तीन दिवस गुंतली तर सहा दिवस. खात्री टक्क्यांत. मग भागाकारातून जो आकडा येतो त्याला अर्थ असतो: खर्च केलेल्या एका दिवसामागे किती रुपये येतील.

आता खात्री. सगळ्यात जास्त गोंधळ याच रकान्यात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या शीटमध्ये वेबसाईटला खात्री ८ आहे. कशावरून? शेरा आहे, 'हल्ली सगळे ऑनलाइनच घेतात.' ही भाऊजींची इच्छा आहे, फार तर अंदाज आहे. खात्रीच्या रकान्यात आपला पुरावा किती भक्कम एवढंच लिहायचं असतं. मी चार पायऱ्या सुचवतो. आपल्याच बिलात किंवा वहीत मोजलेलं असेल तर १०० टक्के. आपल्याच युनिटमध्ये थोड्या मालावर करून बघितलं असेल तर ८०. आपल्यासारख्या दुसऱ्या युनिटमध्ये झालेलं स्वतः जाऊन पाहिलं असेल तर ५०. नुसतं वाटत असेल, कोणी लग्नात सांगितलं असेल, मोबाईलवर व्हिडिओ पाहिला असेल तर २०. मधले आकडे नकोतच. ६५ की ७० यावर अर्धा तास वाद घालून काही हाती लागत नाही. इंटरकॉमच्या पद्धतीतही १००, ८० आणि ५० असे तीनच टप्पे आहेत. २० ची पायरी मी जोडली, कारण घरच्या धंद्यात 'वाटतं' या सदरातली कामं फार असतात.

दुसरी गोष्ट तुमच्याबद्दल. कटिंगच्या परिणामाला तुम्ही ५ दिलेत आणि शेजारी लिहिलंत, 'नक्की किती वाचेल सांगता येत नाही म्हणून कमी धरलं.' आणि मग खात्रीतही ७ च दिले. एकाच शंकेचा दंड तुम्ही दोनदा भरलात. परिणामाच्या रकान्यात, काम नीट झालं तर किती मिळेल ते लिहायचं. शंका फक्त खात्रीत. जे जपून बोलतात त्यांची कामं याच कारणाने नेहमी खाली जातात, आणि छाती ठोकून बोलणाऱ्यांची वर.

चला, कटिंग नीट मांडू. तुम्ही लिहिलंय की मागच्या हंगामात एका ऑर्डरला मास्तरांकडून दोन साइज एकाच मार्करवर, म्हणजे पॅटर्न मांडलेल्या कागदावर, लावून घेतले. आधी ले, म्हणजे कापायला एकावर एक अंथरलेलं कापड, सहा मीटर लांबीचा, पन्नास थर, प्रत्येक थरात सहा शर्ट. म्हणजे ३०० मीटरमध्ये ३०० शर्ट, शर्टामागे ॲव्हरेज एक मीटर. दोन साइज मिसळल्यावर मोठ्या साइजच्या पाठीशेजारच्या मोकळ्या जागेत लहानाच्या बाह्या आणि कॉलर बसल्या, ले पाच मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटरवर आला, कापड २९४ मीटर लागलं. ॲव्हरेज ९८ सेंटिमीटर. दोन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हंगामात तुम्ही साधं कापड २५,००० मीटर घेता आणि रेट सरासरी शंभर रुपये धरलाय. पंचवीस लाखांचे दोन टक्के म्हणजे ५०,००० रुपये. एकाच ऑर्डरवर करून पाहिलंय, म्हणून खात्री ८० टक्के. ५०,००० गुणिले ०.८ भागिले ५ दिवस, म्हणजे दिवसाला ८,००० रुपये.

चौकडीचं कापड या हिशोबात नाही हे बरोबर केलंत. तिथे चौकडी जुळवायला लागते, त्यामुळे पॅटर्न हवे तसे सरकवता येत नाहीत आणि बचत तेवढी होत नाही. आणखी दोन ठिकाणी हे दोन टक्के निसटतात. एक म्हणजे कापडाचा पन्हा. प्रत्येक तागा सारख्या पन्ह्याचा नसतो आणि मार्कर सगळ्यात कमी पन्ह्यावर लावावा लागतो. दुसरं, दोन साइज जोडून कापताना ऑर्डरमधलं साइजचं प्रमाण जुळलं नाही तर एखादा नंबर जास्तीचा कापला जातो आणि तो माल कपाटात पडून राहतो. वाचलेलं कापड तिथे शर्ट बनून अडकतं. म्हणून पहिल्या तीन ऑर्डरींना लेची लांबी, थर, निघालेले पीस आणि जादा पडलेले पीस वहीत लिहा. ॲव्हरेज उतरलंच नाही, तर परिणामाचा आकडा तिथेच कमी करा. मन मोठं करून टिकवू नका.

साइज सेटचं काम सरळ आहे. परत आलेले ६०० पीस, ऑल्टर आणि ने-आण धरून पिसामागे ४० रुपये, म्हणजे २४,०००. दुकानदाराकडे घालून बघायला प्रत्येक साइजचा एकेक नमुना ठेवला तर निम्मे परत येणं थांबेल असं तुम्ही धरलंय, म्हणजे १२,०००. एका दुकानात हे करून बघितलंय, म्हणून ८० टक्के. तीन दिवसांचं काम. दिवसाला ३,२०० रुपये. एक ते दहाच्या गुणांत हे काम कटिंगच्या वर होतं, खऱ्या आकड्यांत त्याच्या निम्म्यावरही नाही.

आता वेबसाईट. भाऊजींचा दावा पालकांकडून थेट ऑर्डर येऊन तीन लाख सुटतील असा आहे. तो आकडा मी तसाच घेतो. पुरावा 'वाटतं' या पायरीचा, म्हणून २० टक्के. तीन लाखांचे साठ हजार, भागिले चाळीस, म्हणजे दिवसाला १,५००. भाऊजी म्हणतील, २० टक्के हा अन्याय आहे. ठीक आहे, वाद न घालता १०० टक्के द्या. तरी ७,५०० येतात, कटिंगच्या ८,००० च्या खालीच. मी एका टॉवेलच्या कारखान्यात प्लॅनिंग बघायचो, तिथे सगळ्यात कामाला आलेली हीच युक्ती. ज्या आकड्यावर भांडण आहे तो समोरच्याच्या मनासारखा करून बघायचा. क्रम बदलत नसेल तर भांडायचं कारणच संपतं. बदलत असेल, तर तो आकडा तपासण्यावर पैसे आणि वेळ खर्च करण्यात अर्थ आहे.

इथे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं की ७,५०० आणि ८,००० यांत फरक आहे असं मी मानत नाही. दोन्ही अंदाजच. दुपटीच्या आतला फरक मी बरोबरी समजतो. म्हणजे भाऊजींची खात्री खरोखर १०० टक्के ठरली तर वेबसाईट कटिंगच्या बरोबरीने बसेल, आणि साइज सेटला तर नक्की मागे टाकेल. मग तपासणी करण्याजोगी आहे. चाळीस दिवस घालवायच्या आधी दोन दिवस घाला. एकच शाळा निवडा, जिथे मुख्याध्यापकांशी तुमचं चांगलं जमतं. एका इयत्तेच्या पालकांना व्हॉट्सॲपवर साइजचा तक्ता, रेट आणि पैसे भरायचा क्यूआर पाठवा, घरपोच देतो म्हणा, आणि आगाऊ दोनशे रुपये मागा. किती जण 'हो, छान आहे' म्हणाले ते मोजू नका, किती जणांचे दोनशे आले ते मोजा. आणि निकाल बघायच्या आधीच ठरवून ठेवा: चाळीस पालकांपैकी दहा जणांनी भरले तर खात्री ८०, तिघा-चौघांनी भरले तर परिणाम तीन लाखांवरून एक लाखावर. आकडा आल्यावर सीमा ठरवायला बसलात तर ती हवी तिकडे सरकते. हे दोन दिवसांचं काम यादीत वेगळी ओळ म्हणून लिहा. आजच्या घडीला करायचं ते 'वेबसाईट' नाही, 'एका शाळेत आगाऊ पैसे घेऊन बघणं'.

राहिली काज-बटण मशीन. मे महिन्यात तुम्ही ८,००० शर्ट बाहेर जॉबला पाठवता, पिसामागे तीन रुपये जातात, बिलं हातात आहेत. २४,००० रुपये, खात्री १००, मशीन बघून आणून बसवायला एक दिवस. दिवसाला २४,०००, यादीत सर्वांत वर. मग आधी मशीन घ्यायची? थांबा. हे सूत्र फक्त दिवस मोजतं. मशीनला भाव आलाय ९०,०००. हंगामाला २४,००० वाचले तर पैसे फिटायला पावणेचार हंगाम लागतील, कारागिराची मजुरी तर अजून धरलेलीच नाही. पैसे टाकून लगेच होणारं प्रत्येक काम या पद्धतीत असंच वर उडी मारतं. म्हणून कष्टाच्या शेजारी 'रोख किती लागेल' असा एक रकाना घाला. त्याचा गुणाकार-भागाकार काही करू नका. यंदा सुधारणांसाठी किती रोख बाजूला काढू शकता ते आधी ठरवा आणि त्यात न बसणारी ओळ सरळ पुढच्या वर्षावर टाका. दिवाळीनंतर तुमची रोख कापडात अडकते, तेव्हा यंदा मशीन नको असं माझं मत आहे. तुमचं गणित वेगळं असेल तर तुम्हाला जास्त माहीत.

चौदांपैकी तीन ओळी मी शीटमधून काढायला सांगेन: गिरणीला कापडाचं बुकिंग, जीएसटीचं विवरण आणि ओव्हरलॉक मशिनींची सर्व्हिसिंग. यांना गुण द्यायचेच नाहीत. बुकिंग उशिरा झालं तर शाळेच्या रंगाची शेड मिळणार नाही, मग बाकीच्या तेरा ओळी कशासाठी? ज्या कामाची तारीख ठरलेली आहे ते कॅलेंडरवर जातं. उरलेल्या दिवसांसाठी ही शीट.

गुण द्यायला बसण्याची रीतही थोडी बदला. तुमच्या घरात आधी भाऊजी आकडा बोलले आणि बाकीच्यांनी त्याच्या आसपासचे दिले असं शीटवरून दिसतं. सोळा ठिकाणी तुमचे आणि त्यांचे आकडे एकसारखे आहेत! पुढच्या वेळी तिघांनी आपापल्या चिठ्ठीवर आधी लिहायचं आणि मग एकदम उघडायचं. जिथे तिघांचे आकडे जवळ आहेत तिथे न बोलता पुढे जा. जिथे एकाने तीन दिवस लिहिलेत आणि दुसऱ्याने वीस, तिथेच बोला, कारण बहुतेक वेळा तिथे दोघांच्या डोक्यात दोन वेगळी कामं असतात. आणि कष्टाचा आकडा जो ते काम करणार त्यालाच विचारा. कटिंगला पाच दिवस हे तुम्ही तिघांनी ठरवलंत, मास्तरांना विचारलंत का? खाकी कागदावर नवे मार्कर त्यांनाच काढायचेत. ते आठ म्हणाले तर आठ लिहा, तेव्हा दिवसाला ५,००० येतात. तरी ते साइज सेटच्या वर आहे, पण दुपटीच्या आत आहे, म्हणजे दोन्हींत जे सोयीचं ते आधी.

शेवटी एक गोष्ट शीटमध्ये दिसत नाही. कटिंगचे दिवस मास्तरांचे आणि तुमचे आहेत, एका शाळेत बघण्याचे दोन दिवस भाऊजींचे. ही कामं एकमेकांच्या आड येतच नाहीत. शीटला 'कोणाचे दिवस' असा एक रकाना जोडा आणि क्रम प्रत्येक माणसापुरता लावा. तुम्हा दोघांचीही पहिली कामं संक्रांतीच्या आधी उरकतील असं बघा. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सुरू झाली की कारागिरांची हजेरी कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, आणि त्यानंतर शाळांच्या ऑर्डरी यायला लागल्या की मास्तर पाच मिनिटंही मोकळे सापडायचे नाहीत.